कॉम्प्रेशनवर काम खर्च होतं, तरी रेशो वाढवल्यावर एफिशियन्सी वाढते कशी?

रानवारा

मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पेट्रोल इंजिनाच्या एअर-स्टँडर्ड सायकलचं, म्हणजे ओटो सायकलचं सूत्र पाठ आहे. डेरिव्हेशनही न बघता लिहून दाखवतो:

η = 1 − 1/r^(γ−1)

तरी दोन गोष्टी गळी उतरत नाहीत.

पहिली: हवा दाबायला काम लागतं आणि ते शाफ्टकडूनच जातं. जास्त दाबायचं म्हणजे जास्त काम घालवायचं. मग रेशो वाढवला की फायदा का व्हावा?

दुसरी गोष्ट मला जास्त छळते. सूत्रात उष्णता कुठेच नाही. सिलिंडरमध्ये थोडं पेट्रोल जाळा किंवा भरपूर जाळा, एफिशियन्सी तीच. डेरिव्हेशनमध्ये ती कटते हे दिसतं, पण का कटते ते कळत नाही.

कालच्या गणितात r = 10, γ = 1.4 होतं. सुरुवातीचं तापमान ३०० केल्विन, सर्वांत जास्त २४०० केल्विन. मी आधी कार्नोसारखं 1 − 300/2400 केलं आणि ८७.५ टक्के आले. उत्तर ६०.२ आहे. ८७.५ का चुकलं हेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

स्पार्कप्लग

गॅरेजवाला माणूस आहे, सूत्रात पडत नाही. पण कॉम्प्रेशन चांगलं असलं की गाडी ओढते आणि ॲव्हरेजही देते, हे रोज बघतो. प्लग काढून टेस्टर लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडायचा, स्टार्टर मारायचा. १२ किलो दाखवलं म्हणजे रेशो १२. ८ दाखवलं तर रेशो ८ वर आलाय, इंजिन खोलायची वेळ झाली. इतकं सोपं आहे.

गुरुत्वमध्य

रानवारा, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कॉम्प्रेशनमध्ये घातलेलं काम वाया जात नाही, एक्स्पान्शनमध्ये परत मिळतं. स्प्रिंग दाबल्यासारखं. त्यामुळे तो खर्च धरायचाच नाही.

आणि ही ६० टक्के एफिशियन्सी कागदावरचीच. चांगल्या पेट्रोल इंजिनाची प्रत्यक्षात ३५ ते ४० टक्के येते. मधला फरक सगळा घर्षणाचा.

मीनल_द

इंजिनच्या टेस्ट सेलमध्ये वीस वर्षं काढली आहेत, म्हणून राहवत नाही. रानवारा, तुझे दोन्ही प्रश्न खरे आहेत. एकेक घेऊ.

स्प्रिंगचं उदाहरण अर्धंच पुरतं. घातलेलं परत मिळतं हे खरं, पण तेवढंच मिळालं तर फायदा शून्य. प्रश्न फायदा वाढतो का, हा आहे. आकडे मांडूनच बघ.

सगळीकडे हवेचं वस्तुमान आणि cv तेच आहे, म्हणून ते बाजूला ठेवू आणि काम, उष्णता सगळं नुसत्या अंशांत मोजू. तुझ्या गणितात १० पट दाबल्यावर तापमान 10^0.4 पट, म्हणजे २.५१२ पट होतं. ३०० चे ७५४ होतात. दाबण्यावर खर्च ४५४. मग जाळून २४०० पर्यंत नेलंस, म्हणजे १६४६ उष्णता दिलीस. पिस्टन खाली जाताना २४०० ला त्याच २.५१२ ने भागायचं, ते ९५५ वर येतं. मिळालेलं काम १४४५. त्यातून ४५४ वजा करून हातात ९९१ राहिले. ९९१ भागिले १६४६ म्हणजे ६०.२ टक्के.

आता r = 5 घे, पण उष्णता तीच १६४६ दे. दाबल्यावर तापमान ५७१, खर्च फक्त २७१. जाळल्यावर २२१७. पाचपट पसरून ते ११६५ वर येतं. मिळालेलं काम १०५३, हातात ७८२. एफिशियन्सी ४७.५ टक्के.

दोन्ही शेजारी ठेव. रेशो ५ वरून १० वर नेताना दाबण्याचा खर्च १८३ ने वाढला आणि पसरताना मिळणारं काम ३९२ ने वाढलं. फायदा इथे आहे. का वाढलं ते शेवटच्या तापमानात दिसतं. r = 5 मध्ये वायू ११६५ केल्विनला बाहेर पडतोय, r = 10 मध्ये ९५५ ला. तेवढंच पेट्रोल जाळलं आणि धूर दोनशे अंशांनी थंड निघाला. ती उष्णता पिस्टनने काढून घेतली.

कॉम्प्रेशन हे साधन आहे, कमाई एक्स्पान्शनमध्ये होते. दाबून लहान जागेत जाळल्याशिवाय नंतर पसरायला वाव मिळत नाही, म्हणून आधी दाबायचं.

रानवारा

मीनलताई, धूर थंड होतो हे मला कधी सुचलंच नव्हतं. वहीत r = 10 आणि r = 5 शेजारी शेजारी मांडून घेतलं.

पण दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. मी हे चालवून बघितलं:

```
r, g, T1 = 10, 1.4, 300
k = r**(g-1)
for T3 in (1000, 1600, 2400, 3000):
    print(T3, 1 - (T3/k - T1)/(T3 - T1*k))
```

चारही वेळा 0.6019 येतं. येणारच, पण का?

सदाफुली

मी भौतिकशास्त्र शिकवते. ८७.५ का चुकलं तेवढं सांगते, बाकी ताई सांगतीलच.

कार्नो इंजिनात सगळी उष्णता एकाच वरच्या तापमानाला घेतली जाते आणि एकाच खालच्या तापमानाला सोडली जाते. तुझ्या सायकलमध्ये २४०० हे फक्त शेवटच्या क्षणाचं तापमान आहे. उष्णता द्यायला सुरुवात ७५४ ला झाली. तसंच सोडण्याची सुरुवात ९५५ ला होते आणि शेवट ३०० ला. सगळी उष्णता २४०० ला घेतली आणि सगळी ३०० ला सोडली असं धरलंस, म्हणून आकडा फुगला.

गंमत बघ, 1 − T1/T2 केलंस, म्हणजे दाबण्याआधीचं आणि दाबल्यानंतरचं तापमान घेतलंस, तर 1 − 300/754 = ६०.२ बरोबर येतं.

रानवारा

हो, ते पुस्तकातही आहे. पण जाळल्यानंतरची तापमानं न घेता नुसत्या दाबण्याच्या दोन तापमानांवरून पूर्ण सायकलची एफिशियन्सी मिळते, याने गोंधळ आणखी वाढतो.

मीनल_द

सदाफुली यांनी दार उघडूनच दिलंय, त्यातूनच आत जाऊ.

१६४६ उष्णता एकदम देऊ नकोस. मनात तिचे पातळ काप कर. पहिला काप वायू ७५४ ला असताना दिला. शेवटचा २४०० ला. मधला एखादा, समज १५०० ला.

आता विचार, प्रत्येक काप कोणत्या तापमानाला सोडला जातो? पिस्टन खाली जाताना तापमान २.५१२ ने भागलं जातं, ते कुठूनही निघालेलं असो. ७५४ ला घेतलेल्या कापाची जोडी ३०० शी. १५०० वाल्याची ५९७ शी. २४०० वाल्याची ९५५ शी. प्रत्येक जोडी म्हणजे एक बारीक कार्नो इंजिन, आणि प्रत्येकात वरचं आणि खालचं तापमान यांचं गुणोत्तर तेच, २.५१२. म्हणून प्रत्येक कापातून ३९.८ टक्के उष्णता बाहेर जाते आणि ६०.२ टक्के काम होतं.

जास्त पेट्रोल जाळलंस म्हणजे या ढिगावर वरून आणखी काप ठेवलेस. नवे काप जास्त तापमानाचे आहेत, पण ते सोडलेही त्याच प्रमाणात जास्त तापमानाला जातात. सगळे काप सारखेच असल्यावर ढीग उंच असो की बुटका, टक्केवारी बदलणार कशी? 1 − T1/T2 हा फक्त सर्वांत खालचा काप आहे. सगळे सारखे असल्यामुळे एक तपासला की सगळे तपासल्यासारखे होतात.

आणि २.५१२ हा आकडा येतो कुठून? 10^0.4 मधून. तापमानाचं गुणोत्तर ठरवणाऱ्या गोष्टी दोनच, किती पट पसरतो आणि तो वायू कोणता. म्हणून सूत्रात r आणि γ सोडून कुणालाच जागा नाही.

स्पार्कप्लगभाऊंना उद्या लिहिते. त्यांचा मुद्दा बारकाईने बघण्यासारखा आहे.

रानवारा

ताई, हे वाचून थोडा वेळ नुसता बसून राहिलो. काप सारखे आहेत म्हणून टक्केवारी सारखी. झालं. कटणं नुसतं बीजगणितात बघत होतो.

निवांत

माझ्या गाडीला टर्बो आहे. माहितीपत्रकात कॉम्प्रेशन रेशो ९.५ लिहिलाय. मित्राच्या बिनटर्बोच्या गाडीचा १२. टर्बो तर हवा आणखी दाबतो, मग माझा आकडा जास्त हवा ना? की मला कमी एफिशियन्सीचं इंजिन मिळालं?

सदाफुली

निवांत, रेशो म्हणजे पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची जागा. तो घनफळाचा आहे, दाबाचा नाही. टर्बोने हवा कितीही कोंबली तरी सिलिंडरचा आकार तोच, म्हणून ९.५ चे ९.५ च.

वरचं गणित परत बघा, त्यात सुरुवातीचा दाब कुठेही आलेला नाही. टर्बोमुळे सिलिंडरमध्ये हवा जास्त मावते, पेट्रोल जास्त जळतं, तेवढ्याच आकारात काम जास्त मिळतं. सूत्रातली टक्केवारी मात्र हलत नाही. रेशो कमी ठेवतात तो नॉकिंगसाठी. आधीच दाबलेली, तापलेली हवा आणखी १२ पट दाबली तर ठिणगी पडल्यावर कोपऱ्यातलं मिश्रण ज्योत पोहोचायच्या आधीच आपोआप पेटायचा धोका असतो.

लहान टर्बो इंजिन मोठ्या बिनटर्बो इंजिनाचं काम करतं तेव्हा रस्त्यावर ॲव्हरेज चांगलं मिळू शकतं, पण त्याची कारणं या सूत्राबाहेरची आहेत.

मीनल_द

स्पार्कप्लगभाऊ, तुमची टेस्टर लावायची पद्धत अगदी बरोबर आहे. थ्रॉटल उघडायचं बरेच जण विसरतात आणि आकडा उगाच कमी येतो. पण १२ किलो म्हणजे रेशो १२ हे जुळत नाही.

रेशो १० असलेल्या इंजिनात हवा सूत्राप्रमाणे दाबली गेली तर दाब 10^1.4, म्हणजे २५ पट व्हायला हवा. दहापट नाही, कारण जागा कमी झाली आणि वर तापमानही वाढलं. २५ मधून बाहेरच्या हवेचा एक वजा केला तर टेस्टरवर २४ दिसायला हवेत. तुम्हाला दिसतात १२.

मधले १२ कुठे गेले? इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन तळाला असताना बंद होत नाही, पिस्टन वर निघाल्यावर बंद होतो. स्टार्टरच्या संथ वेगात तेवढ्या वेळात हवा परत बाहेर ढकलली जाते. १० चा रेशो प्रत्यक्षात ८ च्या आसपास उरतो. शिवाय इंजिन हळू फिरतंय, म्हणून दाबलेली हवा सिलिंडरच्या भिंतींना उष्णता देत बसते आणि रिंगांमधूनही थोडी निसटते. त्यामुळे घातांक १.४ ऐवजी समजा १.२५ धरला तर 8^1.25 साधारण साडेतेरा येतो. त्यातून एक वजा करा, साडेबारा. तुमचा आकडा आला.

तुमचा टेस्टर गळती मोजतो. ८ दाखवलं म्हणून रेशो ८ झालेला नसतो, पिस्टन आणि हेड जागच्या जागीच असतात. हवा रिंगांमधून किंवा व्हॉल्व्हमधून निसटत असते.

स्पार्कप्लग

पटलं. कमी दाखवलं की आम्ही प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत मारतो. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. म्हणजे गळतीच शोधत होतो, नाव रेशोचं घेत होतो.

तिसरा_गिअर

माझा अनुभव इथे बसतो, म्हणून लिहितो. मोटरसायकलचं हेड गॅस्केट गेलं होतं. कारागीर म्हणाला हेड फेसिंग करावंच लागेल, एक मिलिमीटर जास्त काढतो, कॉम्प्रेशन वाढेल, ॲव्हरेजही वाढेल. मी हो म्हटलं. आठवड्याभरात चढावर टॉप गिअरमध्ये थ्रॉटल उघडला की डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज यायला लागला. त्याने टायमिंग मागे घेतलं. आवाज थांबला, पण गाडी मरगळली आणि ॲव्हरेज आधीपेक्षाही खाली आलं.

इंजिन १५० सीसी, रेशो ९.५, बोअर ५७ मिमी. एक मिलिमीटरने किती फरक पडला असेल?

मीनल_द

मोजून बघू. पिस्टन १५० सीसी जागा झाडतो आणि रेशो ९.५ आहे, म्हणजे वर उरलेली जागा १५० भागिले ८.५, साधारण १७.६ सीसी. ५७ मिमी बोअरचं क्षेत्रफळ साडेपंचवीस चौरस सेंटिमीटर. हेडमधली पोकळी पूर्ण बोअरएवढी रुंद नसते, तिचं क्षेत्रफळ बोअरच्या ६० ते ६५ टक्के धरलं तर एक मिलिमीटर काढल्यावर १.६ सीसी गेले. उरले १६. नवा रेशो १०.४ च्या जवळ.

सूत्रात घातलं तर γ = 1.4 ने ५९.४ चे ६०.७ टक्के होतात. म्हणजे सगळं मनासारखं घडलं असतं तरी तेवढ्याच पेट्रोलमध्ये दोन-सव्वादोन टक्के जास्त अंतर. रस्त्यावर ते जाणवलंही नसतं.

बदल्यात नॉकिंग आलं, त्यासाठी ठिणगी उशिरा द्यावी लागली. उशिरा ठिणगी म्हणजे पिस्टन खाली निघाल्यावर बरीचशी उष्णता मिळते. मगाचे काप आठवा. जो काप पिस्टन एक तृतीयांश वाट उतरल्यावर दिला, त्याच्या वाट्याला दहापट पसरणं आलंच नाही, दोन-तीन पटच आलं. r = 2.5 ने त्याची टक्केवारी काढली तर ३०.७ येते. रेशो वाढवून मिळवलं त्यापेक्षा जास्त इथे गेलं.

जाड गॅस्केट मिळत असेल तर ते घालून टायमिंग मूळ जागी आणा. टकटक ऐकत चालवू नका, पिस्टनची कड खाल्ली जाते.

तिसरा_गिअर

जाड गॅस्केट शोधतो. टायमिंग मागे घेतल्यावर ॲव्हरेज का पडलं हे आज कळलं. मला वाटायचं पेट्रोल तेवढंच जळतंय तर काय फरक पडतो.

गुरुत्वमध्य

माझा मुद्दा राहिला. ६० आणि ३५ मधला फरक घर्षणाचा नाही तर कशाचा?

मीनल_द

घर्षण आहेच, पण तो एकटा नाही. पूर्ण थ्रॉटलला पिस्टनवर मिळालेल्या कामाचा दहावा हिस्सा किंवा थोडा जास्त घर्षणात आणि पंपांत जातो. कमी लोडला हा वाटा खूप वाढतो. पण पूर्ण लोडचा विचार केला तर तेवढ्याने ६० चे ३५ होत नाहीत.

सर्वांत मोठा घास γ घेतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. १.४ हा थंड हवेचा आकडा आहे. सिलिंडरमध्ये पेट्रोलची वाफ आहे, जळल्यावर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ आहे, तापमान दोन हजारांच्या वर आहे. असे रेणू तापले की नुसते धावत नाहीत, आतल्या आत कंपही पावतात. दिलेल्या उष्णतेचा काही भाग त्या कंपनात साठतो. पिस्टनला ढकलतं ते धावणं, कंपन नाही. वायू पसरताना तो साठा हळूहळू परत येत राहतो आणि तापमान पुरेसं उतरू देत नाही.

आकड्यात: २४०० ला निघालेला वायू दहापट पसरला तर γ = 1.4 ने ९५५ वर येतो, γ = 1.3 ने १२०३ वर. अडीचशे अंश जास्त घेऊन तो बाहेर पडतो. १० च्याच रेशोला एफिशियन्सी ६०.२ ऐवजी ४९.९. दहा टक्के तिथेच गेले, आणि अजून घर्षणाला हातही लावलेला नाही. याउलट रेशो १० चा १२ केला तर γ = 1.4 ने ६३.०, म्हणजे तीन टक्केही मिळत नाहीत.

उरलेल्यात भिंतींना जाणारी उष्णता येते, जळायला लागणारा वेळ येतो, आणि पिस्टन तळाला पोहोचायच्या आत एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेही येतं. शेवटी घर्षण.

गुरुत्वमध्य

ठीक, एकट्या घर्षणावर ढकललं ते चुकलं. पण १.३ हा आकडा तुम्ही उत्तर जुळावं म्हणून निवडलात असं वाटतं. १.२५ घेतला तर ४३.८ येतात. मग काहीही सिद्ध करता येईल.

मीनल_द

आक्षेप रास्त आहे. दाबताना मिश्रणाचा γ १.३५ च्या आसपास असतो, जळलेल्या वायूचा १.२५ च्या जवळ, आणि पसरताना तो सतत बदलत राहतो. एकच आकडा धरणं ही सोय आहे. नेमकं हवं असेल तर प्रत्येक तापमानाला वायूची ऊर्जा तक्त्यातून घ्यावी लागते आणि मग सूत्र एका ओळीत मावत नाही. शिवाय माझे ते सारखे कापही मग पूर्ण सारखे राहत नाहीत. वरच्या तापमानाच्या कापांत γ कमी, म्हणून तिथे नुकसान जास्त. उष्णता किती दिली याने थोडा फरक पडायला लागतो. १.३ वर मी ठाम नाही. दिशा आणि साधारण आकार याबद्दल ठाम आहे.

सदाफुली

याचाच उलटा विचार वर्गात देते. आर्गॉनचे अणू सुटे असतात, कंपन साठवायला जागाच नाही, γ = 5/3. रेशो १० ला ७८.५ टक्के येतात. हवेतल्या नायट्रोजनऐवजी आर्गॉन वापरून इंजिन चालवण्याचे प्रयोग झालेही आहेत.

मीनल_द

हो, पण त्याच सूत्रातून त्याची अडचणही निघते. शुद्ध आर्गॉन दहापट दाबला की ३०० चे थेट १३९२ केल्विन होतात. हवेत ७५४ होत होते. ऑक्सिजन आणि इंधन मिसळल्यावर आकडा खाली येतो, तरी नॉकिंग लवकर गाठतं. γ चा फायदा घ्यायचा तर r सोडावा लागतो. साध्या इंजिनात हाच फायदा थोडासा मिळतो तो मिश्रण पातळ ठेवून. हवा जास्त, तापमान कमी, γ थोडा वर.

रानवारा

एक शंका उरली. ताई, तुम्ही म्हणालात व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो म्हणून दाबणं कमी होतं. काही इंजिनांत मुद्दाम खूप उशिरा बंद करतात. मग दाबण्याचा रेशो १० आणि पसरण्याचा १३ असेल, तर सूत्रात कोणता घालायचा?

गुरुत्वमध्य

अर्थातच १३. कमाई एक्स्पान्शनमध्ये होते असं वरच ठरलंय. ६४.२ टक्के.

सदाफुली

मला वाटतं दोन्ही नाही. सूत्र काढतानाच दोन्ही रेशो सारखे धरलेत. वेगळे झाले की नव्याने मांडायला हवं.

रानवारा

मांडलं. सुरुवात ३००, दहापट दाबून ७५४, जाळून २४००, तेरापट पसरून ८६०. इथे व्हॉल्व्ह उघडला, दाब बाहेरच्याएवढा झाला, तेव्हा तापमान ३९० धरलं, कारण त्याच दाबाला जागा १.३ पट आहे. ८६० ते ३९० हे घनफळ स्थिर ठेवून सोडलं, ४७०. मग ३९० ते ३०० हे दाब स्थिर ठेवून, म्हणून १.४ ने गुणून १२६. एकूण ५९६ बाहेर, १६४६ आत. एफिशियन्सी ६३.८.

म्हणजे १० च्या ६०.२ आणि १३ च्या ६४.२ यांच्या मध्ये, पण १३ च्या जवळ.

मग जाळणं कमी करून बघितलं. शिखर १६०० केल्विन ठेवलं तर ६३.४. बाराशे ठेवलं तर ६२.८. इथे उष्णता कटत नाही!

मीनल_द

शाबास. मांडणी मी तपासली, बरोबर आहे. काप बघितलेस तर कारणही दिसेल. शेवटचे १२६ दाब स्थिर ठेवून सोडलेले आहेत, त्यांच्या वरच्या जोडीदार कापांना पूर्ण तेरापटीचं गुणोत्तर मिळत नाही. उष्णता कितीही दे, ते १२६ तेवढेच राहतात. उष्णता कमी दिली की त्यांचा वाटा वाढतो.

गुरुत्वमध्य

तरीही ६३.८ हे ६४.२ च्या इतकं जवळ आहे की मी १३ च घालीन.

सदाफुली

पूर्ण लोडला चालेल. जाळणं आणखी कमी केलं तर तेरापट पसरताना दाब बाहेरच्या हवेच्याही खाली जाईल आणि पिस्टन उलटा ओढला जाईल. तेव्हा १३ घालून काय उत्तर येतं ते मोजून दाखवा.

रानवारा

ते शिखर-तापमान शोधतोय. ३९० ला 13^0.4 ने, म्हणजे २.७९ ने गुणलं तर १०८८ केल्विन येतं. त्याच्या खाली काय होतं ते उद्या चालवून इथेच टाकतो.